स्नूकर पाहताना गुणफलकाइतकीच टेबलावरची बाकीही पाहावी

"नमस्कार. आमच्या घरात क्रिकेटशिवाय काही पाहिले जात नाही, पण मुलगा आता रात्री स्नूकर लावून बसतो. मीही शेजारी बसते, पण काहीच कळत नाही. समोर सोपा चेंडू असताना खेळाडू भलताच चेंडू का मारतो? एकाची चूक झाली की दुसऱ्याला गुण कसे मिळतात? आणि टेबलावर चेंडू शिल्लक असतानाच दोघे हात मिळवून मोकळे का होतात? कुणी अनुभवी माणसाने सुरुवातीपासून समजावून सांगावे. – जालना"

ताई, छत्रपती संभाजीनगरच्या एका क्लबमध्ये मी आधी मार्करचे, म्हणजे गुण मांडण्याचे, काम करीत होतो आणि आता मुलांना शिकवतो. मुलांना सोडायला आलेले पालक मागच्या बाकावर बसून हेच तीन प्रश्न विचारतात. माझ्या मते अडचण नियम न कळण्याची नसते. क्रिकेट पाहणाऱ्याची नजर धावफलकावर असते आणि स्नूकरचा फलक अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी टेबलावर पडलेली असते आणि ती आपली आपण मोजावी लागते. म्हणून नियमांची यादी देण्याऐवजी एक फ्रेम पहिल्या फटक्यापासून शेवटपर्यंत सांगतो. ती समजली तर तिन्ही उत्तरे तिच्यातच आहेत. खेळाडूंना लातूरकर आणि नांदेडकर म्हणू.

एक फ्रेम म्हणजे एक डाव. सामना पाच, नऊ किंवा त्याहून अधिक फ्रेमचा असतो आणि निम्म्याहून अधिक फ्रेम जिंकणारा सामना जिंकतो. एका फ्रेमचे गुण पुढच्या फ्रेममध्ये जात नाहीत. टीव्हीच्या पट्टीवर दोन खेळाडूंच्या मध्ये कंसात जो आकडा दिसतो तो सामना एकूण किती फ्रेमचा आहे हे सांगतो आणि त्या कंसाच्या दोन्ही बाजूंचे आकडे म्हणजे कोणी किती फ्रेम जिंकल्या ते. चालू फ्रेमचे गुण त्याहून वेगळे, नावाला लागून असतात.

टेबलावर १५ लाल, ६ रंगीत आणि १ पांढरा चेंडू असतो. काठी फक्त पांढऱ्याला लावायची. लाल चेंडूचा १ गुण. पिवळ्याचे २, हिरव्याचे ३, तपकिरीचे ४, निळ्याचे ५, गुलाबीचे ६ आणि काळ्याचे ७. आधी एक लाल पॉकेटमध्ये घालायचा, मग कोणताही एक रंगीत, मग पुन्हा लाल, असा क्रम चालतो. लाल एकदा गेला की गेला, पण लालपाठोपाठ घातलेला रंगीत चेंडू, अगदी शेवटच्या लालनंतरचाही, रेफरी उचलून त्याच्या ठरलेल्या जागी परत ठेवतो. त्यानंतर रंगीत चेंडू पिवळ्यापासून काळ्यापर्यंत चढत्या क्रमाने घालायचे आणि तेव्हा ते परत येत नाहीत.

यातूनच बाकीचा हिशेब निघतो. प्रत्येक लाल चेंडूबरोबर जास्तीत जास्त एक काळा घेता येतो, म्हणजे टेबलावरचा प्रत्येक लाल ८ गुणांचा. शेवटच्या सहा रंगीत चेंडूंची बेरीज २७. म्हणून उरलेल्या लाल चेंडूंना आठने गुणून त्यात २७ मिळवले की टेबलावर अजून किती गुण मिळू शकतात हे, म्हणजेच बाकी, समजते. सुरुवातीला १५ लाल असताना हा आकडा १४७ येतो. क्रिकेटमध्ये किती धावा हव्यात आणि किती चेंडू उरले हे आपण जसे एकत्र पाहतो, तसे इथे आघाडी आणि बाकी एकत्र पाहायची.

आता फ्रेम. नांदेडकर सुरुवात करतो. लाल चेंडूंच्या त्रिकोणाच्या कडेच्या चेंडूला तो पांढरा हलकेच घासून नेतो आणि दोन-तीन कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांवरून, फिरवून पुन्हा टेबलाच्या खालच्या टोकाला, हिरव्या चेंडूमागे आणून ठेवतो. त्याने एकही चेंडू घातलेला नाही, घालण्याचा प्रयत्नही केलेला नाही. तरीही फटका उत्तम आहे, कारण आता लातूरकराला पांढऱ्याने आधी लाल चेंडूलाच स्पर्श करायचा आहे आणि सरळ रेषेत हिरवा आडवा आला आहे. या कोंडीलाच स्नूकर म्हणतात. लातूरकर बाजूच्या कुशनवरून पांढरा वळवून लाल चेंडूकडे पाठवतो, कोन थोडा चुकतो आणि पांढरा आधी निळ्याला लागतो. फाऊल होतो आणि नांदेडकरला ५ गुण मिळतात.

फाऊलचा दंड असा ठरतो. खेळायचा चेंडू आणि चुकीने मध्ये आलेला चेंडू यांतील ज्याची किंमत जास्त तेवढे गुण, मात्र चारपेक्षा कमी कधीच नाहीत. म्हणून पांढरा कशालाच लागला नसता तर ४ आणि आधी काळ्याला लागला असता तर ७ झाले असते. पांढरा स्वतःच पॉकेटमध्ये पडणे, टेबलाबाहेर उडणे, शर्टाची बाही एखाद्या चेंडूला लागणे, फटका मारताना दोन्ही पाय जमिनीवरून सुटणे, हे सारे फाऊलच. गुण चूक करणाऱ्याचे कापले जात नाहीत, ते समोरच्याच्या खात्यात जमा होतात. आपल्याला विचित्र वाटले ते बहुधा हेच.

पण दंडाचे चार-पाच गुण ही फाऊलची खरी किंमत नसते. फाऊलनंतर समोरच्याला निवड मिळते. टेबल सोयीचे असेल तर तो स्वतः खेळतो, नसेल तर चूक करणाऱ्यालाच पुन्हा खेळायला लावतो. शिवाय खेळाडूने पुरेसा चांगला प्रयत्न केला नाही असे रेफरीला वाटले तर तो 'फाऊल अँड अ मिस' पुकारतो. तसे झाले तर समोरच्याच्या मागणीवरून पांढरा पूर्वीच्याच जागी ठेवून तोच अवघड फटका पुन्हा मारायला लावता येतो. मोठ्या सामन्यात एकाच कोंडीतून कोणी तीन-चार वेळा चुकतो आणि दरवेळी ४ गुण देत बसतो ते यामुळेच. रेफरी वाकून चेंडूंच्या जागा न्याहाळतो आणि कधी पडद्यावरचे जुने चित्र पाहून पांढरा केसभर इकडे-तिकडे सरकवतो, तेव्हा हेच चाललेले असते. आणखी एक तरतूद आहे. फाऊलमुळे समोरचाच कोंडीत सापडला तर त्याला 'फ्री बॉल' मिळतो, म्हणजे त्या एका फटक्यापुरता कोणताही रंगीत चेंडू तो लाल मानून खेळू शकतो.

आपल्या फ्रेममध्ये निळ्याला लागून पांढरा लाल चेंडूंजवळ जाऊन थांबला, त्यामुळे नांदेडकर स्वतः खेळायला उभा राहिला. एका पाळीत सलग घातलेल्या चेंडूंच्या गुणांना ब्रेक म्हणतात, आणि समोर सोपा चेंडू दिसत असताना तो का सोडला जातो याचे उत्तर ब्रेक कसा उभा राहतो यात आहे.

घरी पाहणाऱ्याची नजर पॉकेटकडे धावणाऱ्या चेंडूमागे जाते. आम्ही मुलांना पहिल्या आठवड्यापासून पांढऱ्याकडे पाहायला लावतो, कारण चेंडू पॉकेटमध्ये गेल्यावर पांढरा कुठे थांबला यावर पुढचा फटका ठरतो. चांगला खेळाडू हा फटका मारताना पुढच्या रंगीत चेंडूचा आणि त्यानंतरच्या लाल चेंडूचा विचार करून बसलेला असतो. म्हणून दोन लाल सारखेच सोपे असतील तर ज्याच्यानंतर पांढरा काळ्याजवळ थांबेल तो निवडला जातो, आणि कधी थोडा अवघड लाल मुद्दाम घेतला जातो, कारण सोप्या लालनंतर पांढरा कुशनला चिकटून बसणार असतो.

नवख्या प्रेक्षकाला पांढरा, काळा आणि पॉकेट अगदी एका रेषेत आले की खेळाडूची चैन झाली असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती अडचण असते. सरळ रेषेतल्या फटक्यात पांढरा त्याच रेषेवर पुढे जातो, मागे येतो किंवा जागीच थांबतो. बाजूला जाऊ शकत नाही, आणि पुढचा लाल सहसा बाजूलाच असतो. म्हणून थोडा कोन ठेवावा लागतो. काळ्याचे उदाहरण घ्या. त्याची जागा वरच्या कुशनपासून सुमारे एक फुटावर, मधोमध असते. कोपऱ्यातल्या पॉकेटपासून काळ्यातून जाणारी एक रेषा मनाने मागे वाढवा. पांढरा त्या रेषेच्या वरच्या कुशनकडील बाजूला उभा असेल तर काळा घातल्यावर तो आपोआप खाली, लाल चेंडूंच्या दिशेने सरकतो. रेषेच्या दुसऱ्या बाजूला असेल तर तो आधी वरच्या कुशनवर जातो आणि तिथून परत यावा लागतो. हे दोन्ही जमते, पण पहिल्या स्थितीत पांढऱ्याला वीतभर जायचे असते आणि दुसऱ्यात अंतर वाढते. अंतर वाढले की अंदाजही चुकतो. मोठे ब्रेक काळ्याच्या अवतीभोवती का होतात याचे कारण काळ्याचे सात गुण एवढेच नाही. लाल चेंडूंचा ढीगही त्याच टोकाला असतो, त्यामुळे पांढऱ्याला फार प्रवास करावा लागत नाही.

नांदेडकरने ढिगाबाहेरचे सुटे लाल आधी घेतले. लाल, काळा, लाल, काळा असे १६ झाले. तिसरा लाल घातला तेव्हा पांढरा काळ्याच्या वरच्या बाजूला, हव्या त्या कोनात थांबला. आता त्याने काळा जरा जोर लावून घातला आणि पांढरा थेट लाल चेंडूंच्या ढिगात घुसवून ढीग फोडला. हा फटका त्याने आधी का मारला नाही आणि नंतरसाठी का ठेवला नाही, यात त्याची समज दिसते. आधी मारायला कोन नव्हता. नंतर मारला असता तर सुटे लाल संपलेले असते आणि ढीग नीट फुटला नाही तर पुढे घालण्यासारखे काही उरले नसते. त्याने उजव्या पॉकेटजवळचा एक सुटा लाल जाणीवपूर्वक राखून ठेवला होता, म्हणजे ढीग कसाही फुटला तरी हा एक तरी हाताशी राहावा. मुलाबरोबर पाहताना एवढे विचारा की ढीग फोडताना खेळाडूने मागे कोणता लाल राखला आहे. तो नसेल तर ब्रेक तिथेच तुटण्याची शक्यता बरीच असते.

पुढे लाल, काळा. मग लाल आणि गुलाबी, कारण पांढरा अपेक्षेपेक्षा पाऊलभर जास्त गेला आणि काळ्याच्या वाटेत एक लाल आडवा आला. मग लाल, काळा. सातव्या लालनंतर पांढरा टेबलाच्या मध्याकडे निघून गेला, म्हणून निळ्यावर भागवावे लागले. निळा गेला, पण पुढचा लाल लांबचा मिळाला आणि तो पॉकेटच्या ओठावर आपटून परत आला. पाच काळे, एक गुलाबी, एक निळा आणि सात लाल मिळून ५३ चा ब्रेक झाला; आधीचे दंडाचे ५ धरून ५८. ब्रेक मोडणार याची चाहूल अशीच लागते. काळ्यावरून निळ्यावर यावे लागते, खेळाडूला टेबलावर ओणवे व्हावे लागते किंवा काठी टेकवायला लांब दांड्याची रेस्ट मागवावी लागते. चूक शेवटच्या फटक्यात दिसते, पण ती बहुतेकदा दोन फटके आधी, पांढरा भलतीकडे गेला तेव्हाच झालेली असते.

५८–० ही आघाडी मोठी दिसते, पण फ्रेम संपलेली नाही. टेबलावर ८ लाल आहेत, म्हणजे ६४ अधिक २७, एकूण ९१. लातूरकर आला आणि त्याने पाच लालांबरोबर तीन काळे, एक गुलाबी आणि एक निळा घेऊन ३७ चा ब्रेक केला. ५८–३७, लाल तीन, बाकी ५१. मात्र उरलेल्या तिघांपैकी दोन कुशनला चिकटलेले होते. असा चेंडू कुशनला समांतर ओढून घालावा लागतो आणि थोडा चुकला तरी पॉकेटच्या जबड्यात अडकतो. लातूरकर तिथेच चुकला. यानंतर काही मिनिटे दोघेही कोणताही चेंडू घालण्याचा प्रयत्न न करता पांढरा लाल चेंडूंपासून लांब, आडोशाला नेऊन ठेवत राहिले. प्रेक्षकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला मात्र फ्रेममधला सर्वात चुरशीचा भाग हाच वाटतो, कारण पहिली ढिली चाल ज्याची, त्याची फ्रेम जाण्याची वेळ येते.

ती ढिली चाल लातूरकराकडून झाली. नांदेडकरने लाल आणि हिरवा घातला, ६२–३७. मग लाल आणि गुलाबी, ६९–३७. आता आघाडी ३२ आणि टेबलावर एकच लाल, म्हणजे बाकी ३५. अजून लातूरकर सगळे घेऊन जिंकू शकतो. नांदेडकरने तो शेवटचा लाल घातला, ७०–३७. गुण एकच वाढला, पण बाकी ३५ वरून २७ वर आली, कारण त्या लालबरोबर मिळू शकणारा काळाही लातूरकराच्या हातून गेला. आघाडी ३३ आणि बाकी २७. समालोचक ज्याला 'फ्रेम बॉल' म्हणतात तो हा चेंडू. घातल्यावर आघाडी बाकीपेक्षा मोठी होते, म्हणूनच एका गुणाच्या लालसाठी खेळाडू एवढा वेळ घेतो. त्यानंतरचा रंगीत चेंडू नांदेडकर चुकला, तरी काही बिघडले नाही.

लातूरकराने उरलेले सहाही चेंडू घातले तरी ३७ अधिक २७, म्हणजे ६४ होतात. आता केवळ चेंडू घालून तो जिंकू शकत नाही, त्याला नांदेडकरकडून फाऊल करवून घ्यावे लागणार. 'स्नूकर्स रिक्वायर्ड' असे पडद्यावर येते त्याचा अर्थ हा. चार गुणांचे दोन फाऊल मिळाले तर ४५ आणि २७ मिळून ७२ होतात आणि तो जिंकू शकतो. एकच फाऊल मिळाला, पण त्यात पांढरा आधी गुलाबीला लागून ६ मिळाले, तर ७०–७० अशी बरोबरी होऊ शकते आणि मग काळा पुन्हा जागेवर ठेवून त्या एका चेंडूवर निकाल लागतो. म्हणून लातूरकर लगेच पिवळा घालत नाही, तो पांढरा कशाच्या तरी मागे लपवतो. पिवळा घातला की बाकी कमी होते आणि लपायला एक आडोसाही कमी होतो. एक फाऊल हवा असेल तर बहुतेक खेळाडू झुंजतात. दोन-तीन हवे असतील तर काही प्रयत्नांनंतर, आपली पाळी असताना, हात पुढे करून फ्रेम सोडतात. सोडणारा कंटाळलेला असतो असे नाही. उरलेले चेंडू घालून निकाल बदलणार नाही, हा हिशेब दोघांनाही ठाऊक असतो.

हाच हिशेब १९८५ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटपर्यंत ताणला गेला होता. शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर १७–१७ असे बरोबरीत होते आणि ३५ व्या फ्रेममध्ये डेव्हिसचे ६२, टेलरचे ४४ गुण होते. टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा एवढेच उरले होते, म्हणजे २२. आघाडी १८. टेलरला चारही चेंडू हवे होते, आणि डेव्हिसला त्यांतला कोणताही एक पुरेसा होता. टेलरने तपकिरी घातल्यावर आघाडी १४ आणि बाकी १८ राहिली, निळ्यानंतर ९ आणि १३, गुलाबीनंतर ३ आणि ७. शेवटच्या काळ्यावर दोघांनाही संधी मिळाल्या, दोघेही चुकले आणि अखेर टेलरने तो घातला, ६६–६२. त्या संपूर्ण सामन्यात टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो त्या चेंडूवर. यूट्यूबवर ही फ्रेम मिळते. तपकिरीपासून पुढे पाहताना हे आकडे समोर ठेवले तर दोघांचे हात का थरथरत होते ते नियम न घोकताही समजेल.

मुलगा पार्लरमध्ये खेळायला जात असेल तर तिथे दिसणारे सगळे टीव्हीशी जुळणार नाही. आपल्याकडच्या अनेक पार्लरमध्ये तासावर पैसे असतात म्हणून दहा लालांची छोटी फ्रेम लावतात, 'मिस' कोणी पुकारत नाही आणि काही ठिकाणी कोणताही फाऊल सरसकट चारचाच धरतात. लाल दहा असले तरी बाकी काढायची रीत तीच, फक्त सुरुवात १०७ पासून होते. टेबलही वेगळे वागते. मोठ्या स्पर्धांत कापडाखालची दगडी फरशी विजेवर ऊबदार ठेवतात, त्यामुळे कापड कोरडे आणि वेगवान राहते. आमच्याकडे तशी सोय नाही, म्हणून पावसाळ्याच्या दमट दिवसांत पांढरा उन्हाळ्यातल्यापेक्षा लवकर थांबतो आणि टीव्हीवर पाहून आलेला मुलगा ढीग फोडायला जातो तेव्हा त्याचा पांढरा ढिगाला लागून तिथेच बसतो. त्या दिवसांत मी मुलांना ढीग एकदम फोडू देत नाही. कडेचे दोन-दोन लाल सुटे करीत जायला सांगतो.